एका घरातली दोन मुलं आणि प्रायमाक्वीनच्या गोळ्या: व्हायव्हॅक्स हिवतापात वजनावरून डोस कसा ठरवायचा

पावसाळ्यातलं एक घर डोळ्यासमोर आणू. थोरली मुलगी नऊ वर्षांची, पण अंगानं बारीक, वजन २० किलो. धाकटा भाऊ पाचाला दोन महिने कमी, वजन १६ किलो. दोघांनाही थंडी वाजून ताप येतोय आणि दोघांच्याही रक्तात व्हायव्हॅक्सचे परजीवी सापडले आहेत. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात वर्षानुवर्षं वापरात असलेला तक्ता वयावर चालतो. एक ते चार वर्षांच्या मुलाला रोज २.५ मिलिग्रॅमची एक गोळी, पाच ते आठला दोन, नऊ ते चौदाला चार. तक्त्याप्रमाणे भावाला एक गोळी मिळेल आणि बहिणीला चार. वजनाचा हिशेब केला तर दोघांनाही दोन-दोन गोळ्या लागतात.

हा फरक किरकोळ नाही. भावाला तक्त्याप्रमाणे किलोमागे जेमतेम ०.१६ मिलिग्रॅम पडतं आणि दोन महिन्यांनी त्याचा ताप पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते. बहिणीला किलोमागे ०.५ मिलिग्रॅम पडतं, म्हणजे ठरलेल्याच्या दुप्पट. तिच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असेल तर तो दुप्पट डोस तिचं रक्त फोडू शकतो. म्हणून या दोन मुलांनाच धरून पुढचं सगळं सांगतो. हे लिखाण प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंसाठी आहे. ज्यांच्या हातात ही गोळ्यांची पट्टी आली आहे त्या आईवडिलांनीही ते वाचावं, मात्र डोस स्वतःहून बदलू नये, हा हिशेब घेऊन डॉक्टरांना विचारावं.

ताप उतरला तरी गोळी कशासाठी

क्लोरोक्वीन तीन दिवस दिलं, किलोमागे एकूण २५ मिलिग्रॅम, की रक्तातले परजीवी मरतात आणि मूल खेळायला लागतं. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी मात्र यकृतात निपचित पडून असतात. क्लोरोक्वीन त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. काही आठवड्यांनी, कधी सहा-आठ महिन्यांनीसुद्धा, ते जागे होतात आणि नवा डास न चावताच ताप परत येतो. दरवेळी मुलाचं हिमोग्लोबिन थोडं आणखी खाली जातं. यकृतातल्या या परजीवींवर चालणारं आणि आपल्याकडे सहज मिळणारं औषध म्हणजे प्रायमाक्वीन.

त्याचं काम रोजच्या डोसपेक्षा एकूण पोटात किती गेलं यावर जास्त अवलंबून असतं. आपल्या राष्ट्रीय पद्धतीत किलोमागे रोज ०.२५ मिलिग्रॅम असं १४ दिवस, म्हणजे एकूण किलोमागे ३.५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना १४ दिवसांसाठी रोज ०.२५ ते ०.५ एवढी मोकळीक देते, आणि एन्झाइम पुरेसं असेल तर ०.५ प्रमाणे सात दिवसांचा छोटा क्रमही मान्य करते. इथे मी १४ दिवसांचाच क्रम धरला आहे. लहान मुलांचं शरीर हे औषध मोठ्यांपेक्षा लवकर निचरा करतं, म्हणून मुलांच्या बाबतीत थोडा कमी डोससुद्धा महागात पडतो.

पहिली पायरी: हे मूल प्रायमाक्वीनसाठी योग्य आहे का

वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या राष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रायमाक्वीन देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सहा महिन्यांची आहे, पण इथे काम करताना इथला नियम पाळावा. बाळाला क्लोरोक्वीन द्यायचं, आणि वय बसल्यावर ताप उलटला तर तेव्हा पूर्ण उपचार करायचा.

यानंतर घरच्यांना चार गोष्टी विचारायच्या. जन्मल्यावर कावीळ इतकी वाढली होती का, की निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं? एखाद्या औषधानंतर किंवा कपाटातल्या डांबराच्या गोळ्या तोंडात घातल्यावर लघवी काळपट झाली होती का? कधी रक्त चढवावं लागलं का? आणि मामाला असं काही झालंय का? मामाचं विचारतो त्याला कारण आहे. या एन्झाइमचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलग्याला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं. त्यामुळे मुलग्यात दोष आईच्या माहेरकडून येतो, आणि आई स्वतः ठणठणीत असली तरी तिच्या भावात तो पूर्ण दिसू शकतो. काही खाजगी रुग्णालयांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन ही तपासणी करतात. जन्माच्या वेळची फाईल घरी असेल तर ती एकदा उघडून बघावी.

आपल्याकडे हा दोष कुठल्याही घरात सापडू शकतो, पण काही समाजांत तो जास्त आढळतो. पश्चिम भारतातल्या वाटलिया प्रजापती आणि पारशी समाजात, तसंच अनेक आदिवासी समाजांत. जात-जमात विचारून कोणाला धोका नाही असं ठरवायचं मात्र नाही. तपासणी सगळ्यांचीच करायची.

दुसरी पायरी: एन्झाइमची तपासणी

तांबडी पेशी तिच्यावर होणाऱ्या रासायनिक माऱ्याला तोंड देते ती या एन्झाइमच्या जोरावर. प्रायमाक्वीन असाच मारा करतं. एन्झाइम पुरेसं असेल तर पेशी टिकते, नसेल तर फुटते, हिमोग्लोबिन बाहेर सांडतं आणि लघवीवाटे काळपट होऊन निघतं.

तपासणीच्या दोन पद्धती आपल्याला भेटतात. पहिली जुनी आणि स्वस्त, फ्लुरोसंट स्पॉट टेस्ट. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून कागदावर टिपका देतात आणि अतिनील दिव्याखाली बघतात. टिपका चमकला तर एन्झाइम आहे, चमकला नाही तर फारच कमी आहे. ही पद्धत एन्झाइम साधारण ३० टक्क्यांच्या खाली असलेले रुग्ण पकडते. मुलग्यांसाठी बहुतेक वेळा एवढं पुरतं, कारण त्यांच्यात एन्झाइम एक तर असतं किंवा फारसं नसतं.

मुलींचं तसं नाही. मुलीत एक्स गुणसूत्रं दोन असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातलं एकच चालू राहतं. एका गुणसूत्रावर दोष असेल तर तिच्या रक्तात काही पेशी धडधाकट आणि काही दुबळ्या अशा मिसळलेल्या असतात. एकूण एन्झाइम मधल्या पातळीवर दिसतं, टिपका चमकतो आणि अहवालावर 'नॉर्मल' असं लिहून येतं. दुबळ्या पेशी मात्र तिथेच असतात आणि औषध सुरू झालं की फुटतात. म्हणून मुलीसाठी शक्य असेल तिथे आकड्यात उत्तर देणारी तपासणी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आकड्यात उत्तर देणारं हातात मावणारं यंत्रही मिळतं. त्याला बायोसेन्सर म्हणतात. बोटातून एक थेंब रक्त, आणि दोन मिनिटांत दोन आकडे: हिमोग्लोबिन, आणि एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे एन्झाइमची एककं. एसडी बायोसेन्सरच्या यंत्रावर ४.० किंवा त्याहून कमी म्हणजे कमतरता, ४.१ ते ६.० मधली पातळी, आणि ६.१ च्या पुढे पुरेसं. मधली पातळी हा खाना मुख्यतः मुलींसाठी महत्त्वाचा. दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर तिने छापलेली स्वतःची मर्यादा बघायची, हे आकडे तिथे लावायचे नाहीत.

चूक बहुतेक वेळा तपासणी करण्याच्या वेळेत होते. रक्त फुटत असताना किंवा नुकतंच फुटून गेल्यावर तपासलं तर म्हाताऱ्या, एन्झाइम संपलेल्या पेशी आधीच गेलेल्या असतात. उरतात त्या ताज्या पेशी, ज्यांच्यात एन्झाइम भरपूर असतं. अहवाल खोटाच चांगला येतो. हिवतापातही थोड्या प्रमाणात हेच होतं. रक्त चढवलेलं असेल तर आपण दात्याचं एन्झाइम मोजत असतो. म्हणून अलीकडे रक्त चढवलेल्या मुलाचा, किंवा लघवी काळी असलेल्या मुलाचा नॉर्मल अहवाल धरून चालायचं नाही, साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आकडा सीमेच्या जरा वर असेल तरी ताप गेल्यावर एकदा परत बघितलेलं बरं.

नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर जांभळ्या झाकणाच्या नळीत, थंड पेटीत. उन्हात दुपारभर पडलेल्या नळीतलं एन्झाइम घटतं आणि धडधाकट मूल कमतरतेचं ठरतं.

अहवाल यायला दोन-तीन दिवस लागले तर क्लोरोक्वीन अडवून ठेवू नये, ते त्याच दिवशी सुरू करायचं. दोन्ही औषधं सोबत चालली तर यकृतातल्या परजीवींवर परिणाम चांगला होतो, त्यामुळे अहवाल त्या तीन दिवसांत आला तर उत्तम. नाही आला तरी थोडं थांबून प्रायमाक्वीन सुरू केलेलं चालतं. घाई करण्यासारखं ते औषध नाही.

आपल्या दोन मुलांचे आकडे असे आले असं धरू: भाऊ ७.४, बहीण ५.२. भावाचं पुरेसं आहे. बहीण मधल्या पातळीवर आहे. भाऊ ठीक निघाला म्हणून बहीणही ठीक असेल असं कुणी धरलं असतं तर इथे फसगत झाली असती, कारण आईच्या दोन एक्सपैकी भावाला चांगलं मिळालं आणि बहिणीला दुसरं मिळालं असू शकतं. वडिलांकडूनही तिला ते आलेलं असू शकतं, कारण मुलीला एक गुणसूत्र वडिलांचंच मिळतं.

तिसरी पायरी: वजन आणि गोळ्यांचा हिशेब

वजन त्याच दिवशी, चपला आणि जाड कपडे काढून, काट्यावर करायचं. शाळेच्या कार्डावरचं सहा महिन्यांपूर्वीचं वजन किंवा आईचा अंदाज चालत नाही.

आता पट्टीवर काय लिहिलंय ते बघायचं. बाजारात २.५, ७.५ आणि १५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. डोस नेहमी मूळ प्रायमाक्वीनमध्ये मोजतात, फॉस्फेट क्षारामध्ये नाही. १५ मिलिग्रॅम प्रायमाक्वीन असलेल्या गोळीत फॉस्फेट क्षार २६.३ मिलिग्रॅम असतो. पट्टीवर दोन्ही आकडे असतील तर छोटा आकडा आपला.

२.५ मिलिग्रॅमची गोळी असेल तर हिशेब तोंडी करता येतो. किलोमागे ०.२५ म्हणजे दर पाच किलोला १.२५, म्हणजेच दर पाच किलोला अर्धी गोळी. १० किलोपर्यंत एक, ११ ते १५ ला दीड, १६ ते २० ला दोन, २१ ते २५ ला अडीच, २६ ते ३० ला तीन. एन्झाइम पुरेसं असेल तर गोळी नेहमी वरच्या बाजूला पूर्ण करायची, खाली नाही. कमी पडलेला डोस ताप उलटवतो, आणि या पद्धतीत वर गेलेला डोसही ०.५ च्या बराच आत राहतो.

भावाला १६ गुणिले ०.२५ म्हणजे ४ मिलिग्रॅम हवं. दीड गोळी ३.७५ होते, जरा कमी पडते. दोन गोळ्या म्हणजे ५, किलोमागे ०.३१, आणि १४ दिवसांत किलोमागे सुमारे ४.४. हे बसतं. वयाच्या तक्त्यावर गेलो असतो तर त्याला १४ दिवसांत ३५ मिलिग्रॅम मिळालं असतं, किलोमागे २.२.

बहिणीला २० गुणिले ०.२५, बरोबर ५ मिलिग्रॅम, दोन गोळ्या. मधल्या पातळीच्या मुलीत वरच्या बाजूला पूर्ण करत नाही, शक्य तितकं ०.२५ च्या जवळ ठेवायचं. सात दिवसांचा ०.५ चा क्रम तिच्यासाठी नाही, आणि टॅफेनोक्वीन ही एकदाच द्यायची गोळीही नाही. ती एकदा पोटात गेली की आठवडे शरीरात राहते, परत काढता येत नाही. प्रायमाक्वीन थांबवलं की दिवसभरात बरंचसं निघून जातं, आणि तिच्यासाठी हीच सोय महत्त्वाची आहे.

०.७५ हा आकडा इथे घात करतो, म्हणून त्याबद्दल वेगळं सांगतो. फाल्सिपॅरम हिवतापात आपल्या कार्यक्रमात किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम एकदाच देतात. एन्झाइमची कमतरता असलेल्या व्हायव्हॅक्सच्या रुग्णालाही ०.७५ च देतात, पण आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. यातला कोणताही डोस रोज १४ दिवस द्यायचा नसतो. चिठ्ठीवर 'रोज', 'एकदाच' की 'दर आठवड्याला' हे मराठीत, पूर्ण शब्दांत लिहावं.

चौथी पायरी: गोळी पोटात जाणं

रिकाम्या पोटी दिली तर पोटात कळ येते आणि उलटी होते, म्हणून जेवणानंतरच द्यायची. गोळी कडू असते. दोन चमच्यांमध्ये दाबून पूड करावी आणि गुळाच्या पाण्यात किंवा कुस्करलेल्या केळ्याच्या एका घासात द्यावी. पूर्ण वाटी शिऱ्यात मिसळू नये, मुलानं अर्धी वाटी टाकली तर किती औषध गेलं ते कळत नाही. अर्ध्या तासात उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा, अर्ध्या ते एक तासात झाली तर अर्धा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचं नाही, एक दिवस पुढे वाढवून १४ डोस पुरे करायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताप नसतो, मूल गल्लीत खेळत असतं आणि पट्टी फ्रीजवर पडून राहते. उपचार फसण्याचं मला वाटतं हे सगळ्यात मोठं कारण आहे. आशाताईंनी समोर बसून डोस द्यावा हे आदर्श. ते रोज जमत नसेल तर तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी जाऊन पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजाव्यात.

पाचवी पायरी: काय बघायचं

रक्त फुटायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात फुटतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिसू लागतं. आईला सांगायचं ते असं: लघवी काळ्या चहासारखी किंवा कोकमाच्या पाण्यासारखी झाली, डोळे पिवळे झाले, मूल एकदम पांढरं पडलं, धाप लागली, कंबर किंवा पोट दुखू लागलं, की पुढची गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी केंद्रात यायचं. सकाळची पहिली लघवी पांढऱ्या भांड्यात किंवा बाटलीत धरून बघितली तर रंग नीट कळतो. ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी लघवी पिवळीजर्द होते आणि क्षयाच्या रिफॅम्पिसिननं नारिंगी, त्याला घाबरायचं नाही. शंका असेल तर लघवीची पट्टी रक्त दाखवते का आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसतात का ते तपासावं. पट्टी रक्त दाखवते पण पेशी दिसत नाहीत, तर फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन लघवीत येत असण्याचा दाट संशय घ्यायचा.

ओठ निळसर होणं वेगळं. प्रायमाक्वीननं हिमोग्लोबिनचा थोडा भाग ऑक्सिजन धरू न शकणारा होतो आणि बोटाला लावायचं यंत्र कमी आकडा दाखवतं. बहुतेकदा हे सौम्य असतं, तरी औषध थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

हिवतापानंही पहिल्या दोन-तीन दिवसांत हिमोग्लोबिन थोडं उतरतंच. म्हणून थोडी घट दिसली की लगेच औषधाला दोष देऊन थांबवू नये, पण थांबायची रेघ आधीच आखून ठेवावी. सुरुवातीच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाएवढी घट, किंवा ७ च्या खाली, यातलं जे आधी येईल ते. बहिणीचं हिमोग्लोबिन पहिल्या दिवशी १०.२ होतं असं धरू. चौथा हिस्सा सुमारे २.५. तिच्या कार्डावर पहिल्याच दिवशी लिहायचं: '७.७ च्या खाली गेलं तर बंद.' तिसऱ्या दिवशी ९.४ आणि सातव्या दिवशी ९.६ आलं, लघवी साफ आहे, तर पुढे चालू. भावाला एवढ्या तपासण्यांची गरज नाही, लक्षणांवर नजर पुरे.

रेघ ओलांडली तर प्रायमाक्वीन बंद, पाणी-पेज भरपूर, आणि मूल अशा रुग्णालयात जिथे रक्त चढवता येतं आणि मूत्रपिंडाचं काम तपासता येतं. उरलेल्या गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत.

एन्झाइम कमी निघालं, किंवा तपासणीच मिळाली नाही तर

समजा भावाचा आकडा १.८ आला असता. मग रोजचा क्रम नाही. आठवड्याचा डोस १६ गुणिले ०.७५, म्हणजे १२ मिलिग्रॅम, आठ आठवडे. दोन डोसमध्ये आठवडाभराची फट असल्यानं फुटलेल्या पेशींच्या जागी ताज्या पेशी येतात, आणि त्या जास्त टिकाऊ असतात. तरीही पहिल्या डोसनंतर हिमोग्लोबिन घसरू शकतं, म्हणून हा क्रम बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीत, हिमोग्लोबिन वारंवार मोजता येईल अशाच ठिकाणी. ते जमत नसेल तर मी देणार नाही. प्रत्येक वेळी ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून क्लोरोक्वीन देणं हा त्या मुलासाठी सुरक्षित मार्ग आहे.

तपासणी कुठेच होत नसेल तेव्हा निर्णय डॉक्टरांचा. घरातल्यांचा इतिहास साफ आहे, हिमोग्लोबिन बरं आहे, आणि पहिला आठवडा मूल रोज कुणाच्या तरी नजरेखाली राहील, तर वजनावरचा ०.२५ चा डोस देता येतो. वाडी दूर आहे, पुरामुळे रस्ता बंद पडतो, हिमोग्लोबिन आधीच ७ च्या आसपास आहे, तर आधी रक्त भरून येऊ द्यायचं, तपासणीची सोय करायची, आणि प्रायमाक्वीन नंतर द्यायचं.

कार्डावर

वर्षभरात ताप आला तर पुन्हा हिवतापाचं रक्त तपासायचं, आणि तेव्हा जुना कागद हातात हवा. १४ डोस वजनाप्रमाणे नीट गेले असूनही ताप उलटला, तर काही मुलांच्या यकृतात हे औषध कामाला लावणारं एन्झाइमच मंद असतं, हेही डॉक्टरांना विचारात घ्यावं लागतं. कागदच नसेल तर डोस कमी पडला की औषधच लागू पडलं नाही, हे कधीच कळत नाही. म्हणून बहिणीच्या कार्डावर एवढं असावं: तपासणीची तारीख, वजन २० किलो, एन्झाइम ५.२ मधली पातळी, हिमोग्लोबिन १०.२, प्रायमाक्वीन २.५ च्या दोन गोळ्या रोज जेवणानंतर १४ दिवस, शेवटच्या डोसची तारीख. आणि खाली एक ओळ आईसाठी: 'मुलगी कुठल्याही दवाखान्यात गेली की हे कार्ड आधी दाखवा.'